‘लाइफटाइम फ्री’ कार्डावर वार्षिक फी लागली: पैसे परत आणि लेखी खुलासा कसा मागायचा

मॉलमधल्या टेबलावर किंवा फोनवर कार्ड विकणारा माणूस सांगतो, ‘सर, लाइफटाइम फ्री आहे, एक रुपयाही लागणार नाही.’ पहिलं वर्ष खरंच काही लागत नाही. तेराव्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये मात्र ‘अ‍ॅन्युअल मेंबरशिप फी’ अशी ओळ येते आणि तिच्याखाली जीएसटीची ओळ. कस्टमर केअरला फोन केला की उत्तर मिळतं, ‘तुमचं कार्ड फर्स्ट इयर फ्री होतं.’

इथे बहुतेक जण दोनपैकी एक करतात. काही जण चिडून फी भरायचीच नाही असं ठरवतात, तर काही जण फोनवर विनवणी करून या वर्षापुरती माफी पदरात पाडून घेतात. पहिल्यात व्याज चढत जातं. दुसऱ्यात पुढच्या वर्षी पुन्हा तीच ओळ येते. तुम्ही मेहेरबानी मागत नसता. बँकेने कोणत्या कागदाच्या आधारावर ही रक्कम लावली हे तिला दाखवायला लावायचं असतं, आणि तो कागद नसेल तर रक्कम परत मागायची असते. पत्रातला प्रत्येक शब्द या दृष्टीने लिहावा लागतो.

नियम तुमच्या बाजूने काय सांगतो

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयी निर्देश काढले आणि ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सगळ्याच निर्देशांची फेरमांडणी झाली. म्हणून पत्रात कलमाचा क्रमांक टाकण्याच्या भानगडीत पडू नका. ‘रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डविषयक निर्देश’ एवढा उल्लेख पुरतो.

आपल्या कामाच्या गोष्टी थोड्याच आहेत. कार्ड देताना जे शुल्क स्पष्टपणे सांगितलं नाही आणि ज्याला ग्राहकाची स्पष्ट संमती घेतली नाही, ते लावता येत नाही. मोफत म्हणून दिलेल्या कार्डावर छुपे आकार चालत नाहीत. अर्जासोबत व्याजदर, शुल्क वगैरे सांगणारं एक पानी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं. शुल्क नंतर बदलायचं असेल तर किमान एक महिना आधी कळवावं लागतं, आणि तो बदल पुढच्या काळासाठीच लागू होतो. असा बदल मान्य नसेल तर ग्राहक जादा आकार न देता कार्ड परत करू शकतो. बिलाबद्दल तक्रार आली, तर बँकेने जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा आणि गरज असल्यास कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो.

हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. लेखी खुलासा मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि ‘सिस्टीमने लावलं आहे’ हा खुलासा नव्हे.

आधी नेमका आकडा काढा

फीची ओळ दिसते, पण तिने पुढे केलेलं नुकसान चटकन दिसत नाही. एक उदाहरण तारखांसकट बघू.

समजा तुमचं स्टेटमेंट दर महिन्याच्या २० तारखेला निघतं. ५ मार्चला तुम्ही ६,४०० रुपयांची खरेदी केली. २० मार्चच्या स्टेटमेंटमध्ये तिच्यासोबत १,४९९ रुपये वार्षिक फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २६९.८२ रुपये आले. एकूण मागणी झाली ८,१६८.८२ रुपये. फी मान्य नसल्यामुळे तुम्ही ८ एप्रिलला, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, फक्त खरेदीचे ६,४०० रुपये भरले. तुमच्या मनात हिशेब चुकता झाला.

बँकेचा हिशेब वेगळा चालतो. आलेल्या पैशातून बँका सहसा आधी फी आणि कर वळते करतात आणि उरलेले पैसे खरेदीकडे लावतात. म्हणजे तुमच्या ६,४०० मधून १,७६८.८२ रुपये फीकडे गेले आणि तेवढीच खरेदी ‘थकीत’ राहिली. न भरलेल्या शुल्कावर आणि करावर व्याज आकारता येत नाही, असा नियम आहे. पण अशा वळवणुकीने थकीत दिसते ती खरेदी, आणि खरेदीवर व्याज लागतं. शिवाय थकबाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, असा दर धरू. १,७६८.८२ रुपयांवर ५ मार्च ते २० एप्रिल या ४६ दिवसांचं व्याज ९३.६३ रुपये होतं. २५ मार्चला तुम्ही १२,००० रुपयांची आणखी एक खरेदी केली असेल, तर तिच्यावर २० एप्रिलपर्यंतच्या २६ दिवसांचं व्याज ३५९.०१ रुपये. दोन्ही मिळून ४५२.६४ रुपये, त्यावर जीएसटी ८१.४८ रुपये. म्हणजे एका महिन्यात फीवर आणखी ५३४.१२ रुपये चढले. काही बँका भरलेल्या रकमेवरही भरणा होईपर्यंतचं व्याज लावतात. तिथे आकडा याहून मोठा येतो.

तेव्हा तक्रारीत मागायची रक्कम १,४९९ नाही. ती २,३०२.९४ आहे: फी, तिचा जीएसटी, तिच्यामुळे लागलेलं व्याज आणि त्या व्याजावरचा जीएसटी. फक्त ‘फी माफ करा’ असं लिहिलंत, तर बँक १,४९९ परत करून तक्रार बंद करते आणि बाकीचे ८०३.९४ रुपये तुमच्याच माथी राहतात. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते हेच, कारण तक्रार सुटली असं समजून माणूस पुन्हा स्टेटमेंट बघतच नाही.

फीची ओळ आल्यापासूनची सगळी स्टेटमेंट उतरवून घ्या, आणि व्याज, विलंब शुल्क व जीएसटीच्या ओळी तारखेसह एका कागदावर मांडा. हा कागद पुढे प्रत्येक टप्प्यावर जसाच्या तसा जोडता येतो.

पुरावा: काय शोधायचं आणि कुठे

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे विकणाऱ्याने लेखी दिलेलं काहीही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं ‘एलटीएफ कार्ड, नो जॉइनिंग, नो अ‍ॅन्युअल’ असं चित्र, एसएमएस, मेल, स्टॉलवरचं पत्रक. व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट घेताना पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, आणि मूळ चॅट पुसू नका. त्यानंतर कार्ड मंजूर झाल्याचा एसएमएस आणि स्वागताचा मेल शोधा. मेलबॉक्समध्ये बँकेच्या नावाने शोधून कार्ड मिळालं त्या महिन्यातले सगळे मेल काढा. ‘जॉइनिंग फी: शून्य’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तो आजीवन मोफतचा पुरावा नाही. ‘अ‍ॅन्युअल’ किंवा ‘रिन्यूअल’ फीबद्दल काय म्हटलंय ते बघा.

इथे स्वतःशी प्रामाणिक राहून एक तपासणी करा. बऱ्याच कार्डांवर फी असते, पण वर्षभरात ठरावीक खर्च केला तर ती माफ होते. त्या खर्चात अनेकदा इंधन, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे धरत नाहीत. तुमच्या कागदांत ही अट स्पष्ट लिहिलेली असेल आणि तुम्ही ओटीपी देऊन ती मान्य केली असेल, तर ‘छुपी फी’ हा मुद्दा कमकुवत होतो. तेव्हा तक्रारीचा भर विकणाऱ्याने दिलेल्या चुकीच्या आश्वासनावर ठेवावा लागतो, आणि त्यासाठी त्याचा मेसेज हाताशी हवा. दोन्ही नसेल, तर सदिच्छा म्हणून माफी मागणं एवढाच मार्ग उरतो. तोही चालतो, पण त्यासाठी हक्काची भाषा वापरून उपयोग होत नाही.

तुमच्याकडे नसलेला पुरावा बहुधा बँकेकडे असतो. विक्रीचा किंवा पडताळणीचा फोन अनेकदा रेकॉर्ड केलेला असतो. तो कायमचा ठेवला जाईल याची खात्री नाही, म्हणून रेकॉर्डिंग जपून ठेवण्याची मागणी पहिल्याच पत्रात करा.

वाद चालू असताना फी भरायची का?

माझं मत: परवडत असेल तर मुदतीच्या आत पूर्ण बिल भरा, आणि त्याच दिवशी बँकेला मेल करा की ‘वादग्रस्त रक्कम तक्रार कायम ठेवून भरत आहे, हा भरणा म्हणजे शुल्काला संमती नाही.’ वर पाहिलं तसं ४२ टक्क्यांचं व्याज तक्रारीच्या निकालाची वाट बघत थांबत नाही.

भरणार नसाल, तर निदान ‘मिनिमम ड्यू’पेक्षा जास्त रक्कम जाईल हे पाहा, म्हणजे विलंब शुल्क लागणार नाही. खात्यावर वाद चालू असेल तर थकबाकीची माहिती, कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट ब्यूरोला देताना बँकेने विशेष काळजी घ्यायची असते, आणि वाद मिटल्यावरच ती द्यायची असा निर्देश आहे. तो पत्रात लिहावाच. पण सहा महिन्यांत गृहकर्जासाठी अर्ज करणार असाल, तर या एका ओळीच्या भरवशावर राहू नका. भरून टाका आणि परत मागा. ऑटो-डेबिट चालू असेल तर तो बंद करण्याच्या आधी हा निर्णय पक्का करा. अर्धवट बंद केलेला ऑटो-डेबिट ही विलंब शुल्काला दिलेली सोय होते.

पत्र

तक्रार लेखी हवी. फोनवरची तक्रार चालते, तिचा क्रमांकही मिळतो, पण पुढे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याचं दाखवावं लागतं. बँकेच्या संकेतस्थळावरच्या तक्रार विभागाचा अधिकृत मेल पत्ता घ्या. गूगलवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका. फी परत करतो म्हणून ओटीपी मागणारे नेमके तिथेच टपलेले असतात. पत्रातही कार्डाचे शेवटचे चारच आकडे लिहा.

नमुना असा:

> विषय: कार्ड (शेवटचे आकडे ….) — न सांगितलेले वार्षिक शुल्क परत करणे व लेखी खुलासा देणे
>
> महोदय,
>
> वरील कार्ड मला दि. … रोजी आपल्या प्रतिनिधीने ‘आजीवन मोफत, वार्षिक शुल्क नाही’ असे सांगून दिले. त्याने दि. … रोजी पाठवलेला संदेश सोबत जोडला आहे.
>
> दि. २० मार्चच्या स्टेटमेंटमध्ये वार्षिक शुल्क रु. १,४९९ व त्यावरील जीएसटी रु. २६९.८२ लावले आहे. त्यामुळे दि. २० एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये व्याज रु. ४५२.६४ व त्यावरील जीएसटी रु. ८१.४८ लागले. एकूण वादग्रस्त रक्कम रु. २,३०२.९४ आहे. तपशील सोबत जोडला आहे.
>
> हे शुल्क कार्ड देताना मला सांगितले नव्हते व त्याला मी संमती दिलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांनुसार असे शुल्क लावता येत नाही. म्हणून:
>
> १. रु. २,३०२.९४ ही संपूर्ण रक्कम, तसेच याच कारणाने यापुढे लागणारे व्याज व कर, माझ्या खात्यात परत जमा करावेत.
>
> २. हे शुल्क कोणत्या आधारावर लावले याचा लेखी खुलासा द्यावा. सोबत माझ्या अर्जाची प्रत, मला पाठवलेले की फॅक्ट स्टेटमेंट व ते पाठवल्याची तारीख, आणि शुल्काला मी संमती दिल्याची नोंद द्यावी.
>
> ३. विक्रीच्या व पडताळणीच्या फोनचे रेकॉर्डिंग तक्रार निकाली निघेपर्यंत जतन करावे.
>
> ४. या कार्डावर पुढील वर्षांत वार्षिक शुल्क लागणार आहे की नाही, हे लेखी कळवावे.
>
> वाद प्रलंबित असताना ही रक्कम थकबाकी म्हणून क्रेडिट ब्यूरोला कळवू नये. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करीन.

एवढंच. एजंटला शिव्या, बँक बदलण्याची धमकी, आपण किती जुने ग्राहक आहोत हे काही घालू नका. पत्र वाचणाऱ्याने चार मागण्यांना चार उत्तरं द्यावीत इतकं ते सरळ असलं पाहिजे. चौथी मागणी विसरू नका. तिच्याशिवाय मिळालेली माफी बहुतेक वेळा एका वर्षापुरती असते.

मेल गेला की तक्रार क्रमांक येतो. तो आणि ती तारीख लिहून ठेवा, कारण ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचे. आठवडा-दहा दिवसांत काही हालचाल दिसली नाही, तर तोच मेल त्याच क्रमांकासह बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे पाठवा. नवी तक्रार नोंदवू नका. चार क्रमांक झाले की बँक सोयीचा तेवढा एक बंद करते आणि तारखांचा घोळ तुमच्या गळ्यात पडतो.

बँकेचं उत्तर कसं वाचायचं

मधल्या काळात फोन येतो: ‘सर, विशेष बाब म्हणून फी रिव्हर्स करतो, पुढच्या दोन महिन्यांत अमुक इतका खर्च करा.’ हा नवा सौदा आहे. मान्य करायचा की नाही हे तुम्ही ठरवा, पण फोनवर होकार देऊ नका. ‘मेल करा, वाचून कळवतो’ एवढंच म्हणा. तक्रार मिटल्याची संमती ओटीपीने घेतली जात असेल, तर तो ओटीपी देऊ नका.

लेखी उत्तर बहुधा असं येतं: ‘शुल्क अटी व शर्तींनुसार योग्य आहे.’ सोबत संकेतस्थळाची लिंक. हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. आज संकेतस्थळावर काय लिहिलंय याने काही सिद्ध होत नाही. कार्ड घेतलं त्या दिवशी तुम्हाला काय पाठवलं आणि तुम्ही कशाला संमती दिली, हा प्रश्न आहे. दोन ओळींत हेच लिहून परत पाठवा: ‘दि. … च्या पत्रातील मागणी क्र. २ मधील कागदपत्रे मिळालेली नाहीत. ती उपलब्ध नसल्यास तसे लेखी कळवावे.’ कागद नाही असं बँक लिहून देणार नाही, पण ती गप्प बसली तर ते लोकपालापुढे तुमच्याच उपयोगी पडतं.

मोठ्या बँकांत अंतर्गत लोकपालही असतो. तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची असेल, तर बँकेने ती आधी त्याच्याकडे न्यायची असते. ग्राहकाला थेट त्याच्याकडे जाता येत नाही. नकार आला, तर ‘हा निर्णय अंतर्गत लोकपालाने तपासला आहे का?’ असं मेलवर विचारा. कधीकधी एवढ्या प्रश्नानेही फाइल पुन्हा उघडते.

रिझर्व्ह बँकेचा लोकपाल

३० दिवस उलटले, किंवा आलेलं उत्तर मान्य नसेल, तर cms.rbi.org.in वर तक्रार करा. शुल्क नाही. वकिलाची गरज नाही. उलट वकिलामार्फत केलेली तक्रार घेतलीच जात नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. ऑनलाइन जमत नसेल तर चंडीगडमधल्या केंद्राकडे टपालाने पाठवता येते: रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया, चौथा मजला, सेक्टर १७, चंडीगड १६००१७. तिथे कोणत्याही भाषेतली तक्रार घेतात, म्हणजे मराठीत लिहिलेलीही. ऑनलाइन करताना बँकेला पाठवलेला मेल, तिचं उत्तर, स्टेटमेंट आणि तुमचा हिशेबाचा कागद जोडा. मागणी बँकेला लिहिलेल्या पत्रात होती तीच ठेवा. इथे आकडा वाढवला, की नवी मागणी बँकेपुढे मांडलीच नव्हती असा आक्षेप येतो.

तक्रारी परत येण्याची कारणं ठरलेली आहेत: बँकेला लिहून ३० दिवस झालेले नसणं, लेखी तक्रारीची प्रत नसणं, किंवा त्याच विषयावर ग्राहक आयोगात दावा चालू असणं. दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. दोन हजारांच्या वादाला मी आधी लोकपालच निवडेन. ग्राहक आयोगाचा रस्ता लांबचा आहे. ३० दिवस संपल्यावर लोकपालाकडे जायला मुदत असते, पण ती संपेपर्यंत थांबायचं कारण नाही. तक्रार शिळी झाली की कागद मिळणं अवघड होतं.

नियमात नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. बँकेच्या चुकीने आणि वेळेत निवारण न केल्याने गेलेला वेळ, झालेला खर्च आणि मनस्ताप यांसाठी ती मागता येते. मागायची असेल तर वाजवी मागा आणि कारण लिहा. दोन हजारांच्या फीसाठी लाखाची भरपाई मागणाऱ्या अर्जात मूळ मुद्दाच झाकला जातो.

पैसे परत आल्यावर

पुढचं स्टेटमेंट ओळीने तपासा. फी परत आली, पण तिचा जीएसटी आला का? व्याज आलं का? स्टेटमेंट निघाल्यानंतर रिव्हर्सल झालं तर मधल्या दिवसांचं थोडं व्याज पुढच्या स्टेटमेंटमध्ये उगवतं. तेही त्याच तक्रार क्रमांकावर मागा.

कार्ड बंद करायचं असेल तर आधी सगळी स्टेटमेंट आणि पत्रव्यवहार उतरवून घ्या, कारण कार्ड बंद झालं की अ‍ॅपमधली नोंद दिसेनाशी होऊ शकते. बाकी शून्य असेल, तर विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेला बंधनकारक आहे. उशीर झाल्यास बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. म्हणून बंद करण्याची विनंतीही मेलवरच करा.

दोनेक महिन्यांनी आपला क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक ब्यूरोकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. त्यात हे कार्ड थकीत दिसलं, तर ब्यूरोकडे आणि बँकेकडे दुरुस्तीची तक्रार करा आणि रिव्हर्सलचं स्टेटमेंट जोडा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.